खरेदीखतावरचे दोन आकडे

जळगावच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखताची नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची जी प्रत पक्षकारांच्या हाती पडते, तिच्यावर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे छापलेले असतात. पुष्कळ लोक त्यांतला पहिलाच तेवढा वाचतात. दुसरा आकडा मुद्रांकापुरता असून त्यावर शुल्क भरले की विषय संपला, हा समज जळगावात आणि धुळ्यात मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याचे सविस्तर निरसन करणे अगत्याचे वाटते.

समजा, एका गृहस्थांनी दहा लाखांना घेतलेला भूखंड आता ४० लाखांना विकला आणि रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत ५२ लाख निघाली. सगळा पैसा बँकेतून आला, वर एक छदामही घेतला नाही; तरीदेखील आयकराच्या कलम ५०क अन्वये त्यांना ५२ लाखच मिळाले असे मानले जाते आणि भांडवली नफा ३० ऐवजी ४२ लाखांचा धरला जातो. ‘व्यवहार प्रामाणिक असेल तर खाते काय करणार?’ हा प्रश्न एके काळी सार्थ होता. कारण दस्तात दाखवली त्याहून अधिक रक्कम प्रत्यक्ष पोचली हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली एर्नाकुलमच्या एका घराच्या खटल्यात ठरवले होते. २००३ पासून अमलात आलेल्या या कलमाने तो भारच काढून टाकला, त्यामुळे आता हेतूची विचारणा होत नाही. फरक मोबदल्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर तो सोडून दिला जातो, म्हणजे इथे ४४ लाखांपर्यंत; मात्र मर्यादा ओलांडली की केवळ वरचे आठ लाख नव्हे, तर पुरता बारा लाखांचा फरक जमेस धरतात.

दुसरा गैरसमज घेणाऱ्याचा, आणि माझ्या मते अधिक घातक. स्वस्तात मिळाले हे आपले भाग्य, कर भरेल तो विकणारा, असे तो समजतो. परंतु कलम ५६(२)(x) प्रमाणे तेच बारा लाख त्याचे ‘इतर उत्पन्न’ ठरतात आणि त्यावर त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. विकणाऱ्याने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के भरले तर त्याच्यावरचा वाढीव बोजा दीड लाखाचा. घेणारा तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याच्यावर तीन लाख साठ हजारांचा, उपकर वेगळाच. शिवाय सरकारी किंमत पन्नास लाखांवर गेल्यामुळे त्याने एक टक्का टीडीएस कापायचा तोही ४० वर नव्हे, ५२ लाखांवर, म्हणजे बावन्न हजार रुपये. पुढे तो भूखंड विकेल तेव्हा त्याची खरेदी किंमत ५२ लाख धरली जाते, एवढाच काय तो दिलासा.

नात्यातल्या व्यवहाराला हे लागू नाही, हेही अर्धेच सत्य. भावाने भावाला स्वस्तात दिले तर घेणारा भाऊ सुटतो, विकणारा सुटत नाही. काकांकडून पुतण्याने घेतले तर पुतण्या सुटतो. पण पुतण्याकडून काकांनी घेतले तर काका सुटत नाहीत, कारण कायद्याच्या व्याख्येत काका पुतण्याचे नातेवाईक आहेत, पुतण्या काकांचा नाही. चुलत भाऊ तर त्या व्याख्येत मुळीच येत नाहीत. खानदेशातल्या एकत्र कुटुंबांत याच वाटेने सर्वाधिक फसगत होते. शेतजमिनीविषयी एवढेच सांगतो की, जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरांच्या पलीकडची आणि अन्य नगरपालिकांच्याही ठरलेल्या अंतराबाहेरची जमीन विकणाऱ्याला कलम ५०क लागत नाही. घेणाऱ्याबाबत मात्र न्यायाधिकरणांचे निर्णय एकमताचे नाहीत.

रेडी रेकनरचा दर विभागाचा असतो. त्या भूखंडाला रस्ता नाही, त्यावर अतिक्रमण आहे किंवा दिवाणी दावा चालू आहे, हे त्या दराला नेहमी दिसत नाही. अशा वेळी दुसरा आकडा अटळ मानून स्वस्थ बसणे हाही गैरसमजच. आकारणीच्या वेळी दोघांनीही लेखी हरकत घेऊन प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करावी. मात्र त्या सरकारी किमतीविरुद्ध अपिलात वा न्यायालयात आधीच दाद मागितलेली नसावी. त्या अधिकाऱ्याने ४५ लाख ठरवले तर फरक पाचच लाखांचा उरतो. ५२ हून अधिक ठरवले तरी ५२ च धरतात, म्हणून मागणी करण्यात धोका नाही. हरकतच न घेणारा मात्र हा हक्क बहुधा गमावतो.

नवे दर सामान्यतः १ एप्रिलला लागू होतात, म्हणून मार्चमध्ये ठरलेले खरेदीखत मे महिन्यात नोंदले तर किंमत वाढलेली असू शकते. मोबदला ठरवणारा लेखी करार आधी झाला असेल तर त्या तारखेची किंमत धरता येते, पण त्या दिवशी किंवा त्यापूर्वी काही रक्कम अकाउंट पेयी धनादेशाने वा बँकेतून दिलेली असली पाहिजे. रोख इसार या कामी निरुपयोगी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर अधिनियमाने कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदलले नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचा किंवा सिटी सर्व्हे नंबरचा दर स्वतः पाहा, आणि इसार धनादेशानेच द्या.