ठरावाचा कर्ता कोण? इतिवृत्ताचे सार काढण्याची पद्धत

कर्जत तालुक्यातील मिरजगावासारख्या मोठ्या गावाच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, म्हणजे सभेत झालेल्या कामकाजाची सचिवाने लिहिलेली अधिकृत नोंद, अनेकदा पानेच्या पाने चालते. परंतु निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत एवढेच त्यातून वेगळे काढू लागल्यास पहिली अडचण नोंदीच्या भाषेतच आढळते, कारण ‘करण्यात यावे’, ‘सर्वानुमते ठरले’ अशा क्रियापदांत कर्ता बहुधा नसतोच. ठरावाखाली दोनच नावे ठळक दिसतात, ती सूचकाची म्हणजे ठराव मांडणाऱ्याची आणि अनुमोदकाची म्हणजे त्याला पाठिंबा देणाऱ्याची. घाईने सार लिहिणारा त्यांपैकीच एखादे नाव ‘जबाबदार’ या रकान्यात उतरवतो आणि ज्याने केवळ सूचना मांडली त्याच्या माथी काम येते.

एक कल्पित नमुना घ्यावा. विषय क्रमांक 3 मध्ये पाणीटंचाईवर सविस्तर चर्चा होऊन ‘वाड्यावस्त्यांसाठी टँकरची मागणी पंचायत समितीकडे करण्यात यावी’ असे ठरते. पुढे आयत्या वेळच्या विषयांत, म्हणजे विषयपत्रिकेत आधी न छापलेल्या विषयांत, असे नोंदले जाते की प्रभागातील सदस्यांनी वस्तीनिहाय माणसांची व जनावरांची संख्या 10 एप्रिलपर्यंत सचिवाकडे द्यावी, त्यानंतरच मागणी पाठवावी आणि ती लवकर पाठवावी. ‘टँकर सुरू करणे, जबाबदारी ग्रामपंचायत’ असे सार येथे चुकीचे ठरते, कारण टँकरची मंजुरी ग्रामसभेच्या हाती नसून ती शासकीय यंत्रणेकडून मिळते. सभेने निर्णय घेतला तो फक्त मागणी पाठवण्याचा. शिवाय दुसऱ्या नोंदीने पहिलीला अट घातली असल्याने पानांचा क्रम सोडून दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतात.

त्यामुळे सारात दोन ओळी येतात. पहिली, संख्या गोळा करणे: संबंधित प्रभागांचे सदस्य, 10 एप्रिल. दुसरी, मागणीपत्र पाठवणे: पत्रव्यवहार सचिवाकडे असल्याने सचिव, मात्र सभेने तसे स्पष्ट म्हटले नसल्यास नावापुढे ‘अनुमानित’ अशी खूण, मुदत ‘संख्या मिळाल्यानंतर, तारीख ठरलेली नाही’. ‘लवकर’ ही तारीख नव्हे, आणि सार लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने 15 एप्रिल लिहिणे म्हणजे सभेने न घेतलेला निर्णय तिच्या नावावर खपवणे होय. चर्चेतील तक्रारी कितीही तळमळीने मांडलेल्या असोत, त्यांतून काही ठरले नसेल तर त्या या ओळींत येत नाहीत.

सार तयार झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे ठराव क्रमांक द्यावा, म्हणजे शंका आल्यास मूळ नोंद काढून ताडता येते; प्रमाण मानायचे ते मूळ इतिवृत्तच. ‘अनुमानित’ खूण असलेल्या आणि तारीख नसलेल्या ओळी सरपंच व सचिवाला आठवड्याभरात दाखवून भरून घ्याव्यात, कारण ग्रामसभा वर्षातून मोजक्याच वेळा भरते आणि इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम होईपर्यंत थांबल्यास टंचाईचा हंगाम उलटलेला असतो.