राउटर अपडेट केल्यावर नेट मंदावलं तर

राउटरच्या डब्यात एक छोटा कॉम्प्युटरच असतो आणि तो चालवणारी जी प्रणाली त्याच्या चिपमध्ये कायमची भरलेली असते, ती म्हणजे फर्मवेअर. मोबाइल अपडेटसाठी रोज आठवण करून देतो. राउटर मात्र कपाटावर पाच-पाच वर्षं गुपचूप दिवे लुकलुकवत बसतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाने व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आणला. तोपर्यंत तो किमान ५४ देशांतल्या पाच लाखांच्या आसपास उपकरणांत घुसला होता आणि त्यात घरगुती राउटर भरपूर होते. यातल्या बहुतेक मॉडेलांमधल्या त्रुटी आधीपासून जाहीर होत्या, किंवा त्यांचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच चालू होता. त्यामुळे फर्मवेअर अपडेट करायचं की नाही, याचं माझं उत्तर ‘करायचं’ असंच आहे. मात्र ते करण्याआधी अर्धा तास तयारीला द्यावा लागतो, कारण नंतर नेट मंदावलं तर दोष कुठे शोधायचा, हे त्या अर्ध्या तासावरच ठरतं.

पहिला प्रश्न, राउटर कोणाचा? फायबरचं कनेक्शन देताना कंपनीने जो डबा बसवला असेल, त्याचं फर्मवेअर बहुतेक वेळा कंपनीच दुरून बदलते. त्यात स्वतः फाइल टाकायला जाऊ नये. ती सेटिंग चुकली तर फायबरची ओळखच पुसली जाऊ शकते. पुढचं सगळं तुम्ही दुकानातून स्वतः विकत आणलेल्या राउटरसाठी आहे.

राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या नावाजवळ बारीक अक्षरात `Ver` किंवा `V` आणि एक आकडा असतो. नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका, हा आकडाच महत्त्वाचा. टीपी-लिंकच्या आर्चर सी-६ चं उदाहरण घ्या. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तर तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले गेले, पण आतली यंत्रं वेगळी. एकाची फाइल दुसऱ्यात टाकली तर राउटर ती नाकारतो; आणि नाकारली नाही, तर कायमचा बंद पडू शकतो. फाइल कंपनीच्याच साइटवरून, तोच आकडा आणि भारतासाठीचीच घ्यावी. ‘या आधी अमुक आवृत्ती टाकलेली असली पाहिजे’ किंवा ‘यानंतर जुन्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही’ अशी सूचना फाइलजवळच दिलेली असते. दुसरी सूचना दिसली तर मी आठ-पंधरा दिवस थांबतो आणि इतरांचे अनुभव वाचतो. फक्त ते अपडेट एखादी गंभीर सुरक्षा-त्रुटी बुजवणारं असेल, तर थांबत नाही.

काही कंपन्या फाइलसोबत तिचा एसएचए-२५६ ठसाही देतात. डाउनलोड करताना फाइल बिघडली नाही ना, हे विंडोजच्या कमांड खिडकीत एका ओळीत तपासता येतं:

```
certutil -hashfile firmware.bin SHA256
```

यातल्या फाइलच्या नावाच्या जागी तुमच्या फाइलचं नाव टाका. आलेली लांबलचक ओळ साइटवरच्या ओळीशी जुळली, की पुढे जा.

आता मोजमाप. तक्रार करणारे बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. ‘आधी भारी चालायचं, आता स्लो झालंय’ एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही. अपडेटच्या आधी तीन आकडे कागदावर लिहा. एक, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून घेतलेली स्पीड टेस्ट. दोन, राउटरपासून आठ-दहा फुटांवर मोबाइलवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घेतलेली टेस्ट. तीन, त्याच जागी मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये दिसणारा `Link speed`. हा तिसरा आकडा नेटचा वेग सांगत नाही. मोबाइल आणि राउटर आपापसात किती वेगाने बोलायला तयार आहेत, ते सांगतो. टेस्ट सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा घ्या, कारण रात्री सगळी सोसायटी नेटवर असते आणि सगळ्यांचाच वेग थोडा खाली येतो.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी टिपून ठेवा. गल्लीतल्या केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर बहुधा पीपीपीओई असतं, म्हणजे राउटरमध्ये एक युजर आयडी आणि पासवर्ड भरलेला असतो. तो माहीत नसेल तर आधी फोन करून मागून घ्या. राउटरमध्ये पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसतो आणि रीसेट झाला की तोही जातो. दुसरं, काही ऑपरेटर कनेक्शन एका ठराविक मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. बसवणाऱ्या मुलाने त्या दिवशी आपल्या लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये उतरवलेला असू शकतो. सेटिंगमध्ये `MAC Clone` च्या पानाचा फोटो काढून ठेवा. नंतर आयडी-पासवर्ड बरोबर असूनही नेट येत नसेल, तर कारण बरेचदा हेच निघतं. `Backup` बटणाने सेटिंगची फाइलही काढून घ्या. पण नव्या आवृत्तीला जुनी फाइल पचेलच असं नसतं, त्यामुळे पानांचे फोटोच जास्त कामाचे.

प्रत्यक्ष अपडेट केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरूनच करा. वायफायवरून केलं तर मध्येच जोडणी तुटू शकते. फाइल चिपमध्ये लिहिली जात असताना वीज गेली तर काही राउटर दगड होतात, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर असू द्या. पाऊस-वाऱ्याच्या दिवशी, किंवा महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवल्याचं कळवलं असेल त्या दिवशी, हे काम काढू नका. दिवे बंद-चालू होत राहतील, दोन-पाच मिनिटं जातील. या काळात काहीही झालं तरी प्लग काढायचा नाही. दहा मिनिटं उलटूनही राउटर जागा झाला नाही, तर अनेक मॉडेलांत रीसेटचं बटण दाबून ठेवून सुरू केल्यावर दुरुस्तीचा मार्ग उघडतो. त्याची नेमकी रीत त्या मॉडेलच्या मदत-पानावर मिळते.

आता समजा, सगळं सुरळीत झालं, पण नेट मंद वाटतंय. एक उदाहरण घेऊ. ३०० एमबीपीएसचा प्लॅन, दोन बँडचा राउटर. अपडेटआधी केबलवर २९०, मोबाइलवर २८० आणि लिंक स्पीड ८६६. अपडेटनंतर मोबाइलवर जेमतेम ६५. इथे बहुतेक जण थेट जुन्या फर्मवेअरवर परतायला निघतात. तसं न करता आधी लॅपटॉप केबलने जोडा. त्यावर २९० आले. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक, राउटरचा मेंदूही ठीक. गडबड फक्त वायफायमध्ये आहे.

मग मोबाइलचा लिंक स्पीड पाहिला, तर १४४. हा आकडा ओळखीचा आहे: दोन अँटेनांचा मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात असला, की हाच आकडा दिसतो. म्हणजे मोबाइल चुकीच्या बँडवर गेला होता. नव्या आवृत्तीने `Smart Connect` आपोआप चालू केलं होतं. त्यात दोन्ही बँड एकाच नावाखाली येतात आणि कोणाला कुठे जोडायचं ते राउटर ठरवतो. ते बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं दिली आणि मोबाइल ५ वर जोडला. लिंक स्पीड ४०० झाला, टेस्टमध्ये २१० आले. सुधारलं, पण पूर्वीइतकं नाही. ४०० म्हणजे पट्टा ४० मेगाहर्ट्झचा. वायफायच्या पानावर `Channel Width` आता `Auto` होतं आणि राउटरने स्वतःहून अरुंद पट्टा निवडला होता. तिथे ८० केलं, चॅनल ३६ नेमून दिला, राउटर पुन्हा सुरू केला. लिंक स्पीड पुन्हा ८६६, टेस्टमध्ये २८०. फर्मवेअर नवंच राहिलं. प्रत्येक वेळी एकच सेटिंग बदलली आणि लगेच मोजलं, म्हणून कशामुळे किती फरक पडला ते कळलं. शेजारीपाजारी वायफायची गर्दी असलेल्या इमारतीत मात्र ८० चा पट्टा कधीकधी उलटा त्रास देतो. तिथे ४० वरच जास्त स्थिर चालतं.

केबलवरही वेग पडला असेल तर रोख दुसरीकडे वळतो. आकडा ९३-९४ वर अडकून बसला असेल, तर फर्मवेअरला सोडून द्या आणि केबल पाहा. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटकी असली तर राउटर पुन्हा सुरू होताना पोर्ट १०० एमबीपीएसवर उतरतं, आणि टेस्टमध्ये ९४ च्या वर काही दिसत नाही. अपडेटने राउटर पुन्हा सुरू केला, एवढाच त्याचा यात हात. केबल बदला, क्लिप नीट बसवा.

आकडा १२०-१५० असा मधलाच कुठेतरी येत असेल तर `QoS`, पालकांसाठीचं नियंत्रण आणि वापर मोजणारी सुविधा बंद करून पाहा. स्वस्त राउटरचा प्रोसेसर दुबळा असतो. नेटचा मोठा ओघ तो एका खास वळणाने थेट हार्डवेअरमधून पुढे ढकलतो. सेटिंगमध्ये याचं नाव बहुधा `Hardware NAT` असतं. वरच्या सुविधा चालू झाल्या की बऱ्याच राउटरमध्ये हे वळण बंद होतं, आणि प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताळावं लागतं. टेस्ट चालू असताना राउटरच्या पानावर प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर चिकटलेला दिसला, तर निदान पक्कं.

एवढं करूनही सुटलं नाही, तर राउटर पूर्ण रीसेट करा आणि सेटिंग कागदावरून हाताने भरा, जुनी बॅकअप फाइल टाकू नका. जुन्या आवृत्तीची उरलीसुरली सेटिंग नव्या प्रणालीत अडकून अनेकदा असा मंदपणा येतो. नंतरही दोन-तीन दिवस सकाळ-रात्रीचे आकडे खालीच राहिले, तर मात्र जुन्या फर्मवेअरवर परतायला हरकत नाही, अर्थात कंपनीने ती वाट बंद केलेली नसेल तर. परतताना लक्षात घ्या, की नव्या आवृत्तीने बुजवलेली भोकं पुन्हा उघडी होतात. म्हणून `Remote Management` बंद ठेवा, गेमिंगसाठी वगैरे लागत नसेल तर `UPnP` ही बंद ठेवा आणि राउटरचा पासवर्ड बदला. कंपनीला तक्रार पाठवताना स्टिकरवरचा आवृत्तीचा आकडा, जुन्या-नव्या फर्मवेअरचे क्रमांक, केबल आणि वायफायचे आधीचे-नंतरचे आकडे आणि काय काय बंद करून पाहिलं, एवढं लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी पुढची आवृत्ती आली, की तिच्या सूचनेत वेगाबद्दल दुरुस्तीचा उल्लेख आहे का ते पाहून पुन्हा नव्याकडे या.