नऊपैकी चौथी

मोबाइलवर बोटाने सरकवत वाचायच्या चित्रमालिका तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. या कामात लोक मजकूर आणि चित्रांबद्दल भरपूर बोलतात. स्लाइडच्या कोपऱ्यातला आकडा मात्र शेवटच्या पाच मिनिटांत कुठेतरी चिकटवला जातो. वाचणाऱ्याच्या मनात पहिल्या दोन स्लाइडांतच ‘अजून किती आहे?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर ते शोधत बसण्यापेक्षा तो वर सरकून पुढच्या पोस्टकडे निघून जातो.

सातबारा उतारा कसा वाचावा, यावर केलेली एक मालिका घेऊन हे काम सांगतो. इन्स्टाग्रामसाठी केलेली ही मालिका पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरणार हे आम्हाला आधीच माहीत होते. मजकूर एका निवृत्त तलाठीकाकांनी तपासून दिला होता. पहिल्या मसुद्यात बारा स्लाइड होत्या आणि प्रत्येकीवर आपण नेहमी लिहितो तसा तिरक्या रेषेचा आकडा होता: १/१२, २/१२, असा. काका एकेक स्लाइड पाहत सातवीपर्यंत आले आणि थांबले. तिच्या कोपऱ्यात लिहिले होते, ७/१२.

“हे शीर्षक आहे की पान नंबर?” त्यांनी विचारले. मग त्यांनी दुसऱ्या स्लाइडवरच्या नमुना उताऱ्याकडे बोट दाखवले. तिथे गट क्रमांक होता ४५/२, म्हणजे पंचेचाळीस गटातला दुसरा हिस्सा. “जमिनीच्या कागदावर तिरकी रेष आली की माणूस हिस्सा वाचतो. तुमचा ४/१२ वाचून एखादा आपला गट क्रमांक ताडून बघेल.”

त्या दिवसापासून आमच्या मराठी मालिकांमधून तिरकी रेष गेली. ४/९ ही चार सप्टेंबर ही तारीख वाटू शकते, चार नवमांश हा अपूर्णांक वाटू शकतो, आणि जमिनीच्या विषयात तर ती सरळ सरळ वेगळीच माहिती ठरते. ‘९ पैकी ४’ असे लिहिले की शंकेला जागा राहत नाही. जागा थोडी जास्त लागते, पण आकडा शब्दासारखा वाचला जातो.

बाराच्या नऊ स्लाइड झाल्या त्याही या आकड्यामुळेच. मुखपृष्ठावर एकूण संख्या छापायची ठरल्यावर ‘१२ पैकी १’ डोळ्यांना जड दिसू लागले. गाव-तालुका-जिल्हा आणि गट क्रमांक अशा दोन वेगळ्या स्लाइड होत्या, त्या एक झाल्या. क्षेत्र, पोटखराबा आणि आकारणी अशा तिघींची एक झाली. उरलेला क्रम उताऱ्यातल्या माहितीच्या ओघाने लागला: भूधारणा पद्धती म्हणजे भोगवटादार वर्ग १ की २, खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि आकार, फेरफार क्रमांक आणि कंस केलेली नावे, इतर अधिकारात येणारे कुळ आणि बोजा, मग नमुना बारातली पिकांची नोंद, आणि शेवटी स्वतःच्या उताऱ्यात काय काय तपासायचे. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये पूर्वी दहाच चित्रे बसत, २०२४ पासून वीस बसतात. जागा आहे म्हणून ती भरायचीच असे नाही, हे एकूण आकडा मुखपृष्ठावर लिहायची वेळ आली की आपोआप कळते.

आता आकडा कुठे ठेवायचा? इन्स्टाग्राम स्वतःही खुणा देते. चित्र समोर आले की वरच्या उजव्या कोपऱ्यात गडद गोळीत आकडा दिसतो आणि थोड्या वेळाने विरून जातो. खाली ठिपक्यांची ओळ असते. पण स्लाइड पाचाहून जास्त असल्या की सगळे ठिपके एकाच वेळी पूर्ण आकारात दिसत नाहीत. कडेचे लहान होत जातात, आणि ओळ बोटाबरोबर सरकते. त्यामुळे ठिपक्यांवरून पुढे आणखी काहीतरी आहे एवढे समजते, पण किती आहे ते समजत नाही. म्हणून आपला आकडा चित्रातच हवा आणि तो वर उजवीकडे नको, नाहीतर अ‍ॅपची गोळी त्याच्यावर बसेल. खालच्या कोपऱ्यांत टॅग केलेल्या माणसांचे आणि आवाजाचे चिन्ह येऊ शकते. आम्ही आकडा वर डावीकडे ठेवला, आणि त्याखाली पूर्ण रुंदीची प्रगतीची पट्टी.

आमची स्लाइड १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच. दोन्ही बाजूंना ६० पिक्सेल सोडले की पट्टीला ९६० उरतात. नऊ तुकडे, त्यांमध्ये बारा-बारा पिक्सेलच्या आठ फटी, म्हणजे ९६ पिक्सेल फटींना गेले. उरलेल्या ८६४ चे नऊ भाग केले की प्रत्येक तुकडा ९६ पिक्सेलचा. साठचा समास केवळ शोभेसाठी नाही. प्रोफाइलच्या जाळीत मुखपृष्ठ आता तीनास चार या प्रमाणात दिसते, तेव्हा आमच्या चित्राच्या दोन्ही कडांचे साधारण ३४ पिक्सेल कापले जातात. समास त्याहून कमी असता तर पट्टीचा पहिला आणि शेवटचा तुकडा तिथे अर्धवट दिसला असता.

सलग पट्टीऐवजी तुकडे का, असे नवे सहकारी विचारतात. सलग पट्टीवर चार नवमांश आणि पाच नवमांश यांतला फरक डोळ्याला पटकन कळत नाही. तुकडे मोजता येतात. भरलेला आणि रिकामा तुकडा यांत आम्ही रंगाचा फरक न ठेवता गडद-फिक्याचा ठेवतो, कारण लाल-हिरवा भेद काही माणसांना दिसत नाही, आणि भर उन्हात बांधावर उभे राहून वाचताना तर कोणालाच नीट दिसत नाही. चित्र कृष्णधवल करून पाहिले की पट्टी टिकते की नाही ते लगेच समजते.

देवनागरी आकड्यांचा एक प्रश्न स्वतंत्र आहे. बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये लहान आकारात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि ‘९ पैकी १’ मध्ये ते दोघेही शेजारी येतात. १०८० पिक्सेलची स्लाइड साधारण ३६० एककांच्या पडद्यावर दिसते, म्हणजे सगळे एक तृतीयांश होते. संगणकावर ठसठशीत वाटणारा २४ पिक्सेलचा आकडा हातात आल्यावर आठाचा होतो. आम्ही ४० पिक्सेलच्या खाली जात नाही आणि आकड्यांसाठी जाड वळण वापरतो. खात्री करायची तर चित्र फोनवर पाठवून, हात लांब करून, चष्म्याशिवाय वाचून बघायचे.

आकड्यावर सगळ्यात मोठी परीक्षा येते ती स्लाइड मालिकेपासून तुटल्यावर. इन्स्टाग्रामवर एखाद्याने पोस्ट पाहिली पण सरकवली नाही, तर तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवताना अ‍ॅप अनेकदा दुसऱ्या स्लाइडपासून सुरुवात करते. त्या वाचकासाठी दुसरी स्लाइड हेच मुखपृष्ठ असते. ‘९ पैकी २’ दिसले की मागे एक आहे हे त्याला समजते. शिवाय आम्ही दुसऱ्या स्लाइडवर पट्टीच्या वर मालिकेचे नावही छापतो, म्हणजे हे कशाबद्दल आहे ते कळायला मागे जावे लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर मालिका राहतच नाही. नऊ चित्रे एकत्र पाठवली तर चार दिसतात आणि बाकीची चौथ्यावरच्या अधिकच्या आकड्यामागे लपतात. पुढे कोणी तरी त्यातली बोजाची एकच स्लाइड भावाला पाठवतो. तिथे अ‍ॅपचा ठिपका नाही, गोळी नाही. चित्रात छापलेले ‘९ पैकी ७’ एवढेच सांगते की याच्या आगेमागे आणखी काही आहे, आणि ते मागवून घ्यावे. मालिका बाहेर सोडण्यापूर्वी आम्ही स्लाइड उलटसुलट क्रमाने एखाद्याला पाठवतो आणि त्या लावायला सांगतो. मजकूर न वाचता, नुसत्या आकड्यांवर नजर टाकून त्या लागल्या पाहिजेत.

ज्यांना स्क्रीन ऐकून वापरावा लागतो त्यांच्यासाठी छापलेला आकडा नसल्यासारखाच असतो. इन्स्टाग्राम प्रत्येक चित्राला वेगळे पर्यायी वर्णन लिहू देते. त्याची सुरुवात आम्ही ‘९ पैकी ७. इतर अधिकार.’ अशी करतो. वर्णनाच्या शेवटी आकडा लिहिला तर ऐकणाऱ्याला तो उपयोगाचा राहत नाही, तोवर पुढे जायचे की नाही हे त्याने ठरवलेले असते.

आकडा लिहिला म्हणजे लोक शेवटपर्यंत वाचतील, असे मात्र समजू नये. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्यांमधल्या प्रगतीच्या पट्ट्यांवर झालेले अनेक प्रयोग अना व्हिलार, मारिओ कॅलेगारो आणि योंगवेई यांग यांनी २०१३ मध्ये एकत्र तपासले. समान गतीने सरकणाऱ्या पट्टीने अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण फारसे घटत नव्हते. सुरुवातीला वेगाने आणि नंतर हळू सरकणाऱ्या पट्टीने ते घटले, आणि सुरुवातीला रेंगाळणाऱ्या पट्टीने उलट वाढले. सरकवत वाचायच्या मालिकेत हे जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: वाचक आकड्यावरून पुढच्या श्रमाचा अंदाज बांधतो. खोटी पट्टी काढून वेग दाखवणे आम्हाला मान्य नाही. पण स्लाइडांचे वजन नीट वाटणे आमच्या हातात आहे. गट क्रमांकाची स्लाइड हलकी आहे, ती उताऱ्याच्या ओघानेच आधी येते. क्षेत्राची स्लाइड हेक्टर आणि आर यांच्यामुळे जड आहे, म्हणून तिच्यातले उदाहरण एकच ठेवले.

आकडे सगळ्यात शेवटी चढवायचे, हा आमचा पक्का नियम आहे. पोस्ट टाकल्यावरही इन्स्टाग्राम मधली एखादी स्लाइड काढून टाकू देते. चौथी काढली तर मालिका आठांची होते, पण चित्रांवर ‘९ पैकी’ तसेच राहते, आणि तिसरीनंतर पाचवी पाहून वाचकाला वाटते की आपल्याकडून काही सुटले. दुरुस्ती इतकी मोठी असेल तर आम्ही सगळी पोस्ट काढून, आकडे बदलून, पुन्हा टाकतो.

याच हिशेबाने शेवटची स्लाइड सांभाळायची असते. पुढे काही नाही, म्हणून तिच्यावरचा बाण काढायचा, पट्टी पूर्ण भरायची, आणि तिच्यात काम ठेवायचे. अनेक मालिकांमध्ये शेवटची स्लाइड फक्त ‘आम्हाला फॉलो करा’ सांगते, पण एकूण संख्येत तीही मोजलेली असते. वाचकाने नऊ स्लाइडांचा वेळ देऊ केला, त्याला आठांची माहिती मिळाली. आमच्या नवव्या स्लाइडवर उताऱ्यात तपासायच्या पाच जागा आहेत: गट क्रमांक, नाव, क्षेत्र, शेवटचा फेरफार आणि बोजा. आमचे नाव खालच्या समासात, लहान अक्षरात.