लाल रंगाला टाळ्या

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांमध्ये मोटार हा विषय जेवणाच्या ताटापर्यंत येतो. कुणी फोर्डमध्ये, कुणी जीएममध्ये, कुणी त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. त्यामुळे २००६ साली डिअरबॉर्नला, फोर्डच्या मुख्यालयात घडलेली टाळ्यांची गोष्ट इथे नवीन आलेल्या पोराला कुणी ना कुणी ऐकवतंच. फक्त ती बहुतेकदा अर्धीच सांगितली जाते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ॲलन मुलाली बोइंग सोडून फोर्डचे सीईओ झाले. आयुष्य विमानं बनवण्यात गेलेला माणूस, मोटारींच्या धंद्यात अगदी उपरा. आल्यावर त्यांनी दर गुरुवारी सकाळी सगळ्या विभागप्रमुखांची एकच मीटिंग सुरू केली. प्रत्येकाने स्वतः उभं राहून आपल्या कामाचे तक्ते दाखवायचे आणि प्रत्येक बाबीला रंग द्यायचा. वेळेवर चाललंय तर हिरवा, अडचण आहे पण तोड सापडली आहे तर पिवळा, आणि अडकलंय, तोड माहीत नाही, तर लाल. मीटिंगमध्ये फोन बघायचा नाही, शेजाऱ्याशी कुजबुजायचं नाही, दुसऱ्याला टोमणे मारून हशा मिळवायचा नाही.

पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवेगार. आणि कंपनीला त्या एका वर्षात बारा अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला! अब्जावधी डॉलर बुडत असताना कुठेच काही बिघडलेलं नाही का, असं मुलालींनी विचारलं. उत्तर आलं नाही. ते येणारही नव्हतं, कारण तोपर्यंतच्या फोर्डमध्ये अडचण घेऊन मीटिंगला जाणं म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात आपल्याविरुद्ध हत्यार देणं होतं. हुशार माणसं ते करत नसत.

मग एका गुरुवारी मार्क फील्ड्स यांनी लाल तक्ता दाखवला. अमेरिकेतला धंदा त्यांच्याकडे होता. कॅनडातल्या ओकव्हिलच्या कारखान्यात ‘एज’ ही नवी गाडी तयार होत होती, तिच्यात ऐन वेळी तांत्रिक दोष दिसला आणि त्यांनी गाड्या बाहेर पाठवणं थांबवलं. खोली गप्प झाली. याची खुर्ची गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. परिस्थिती स्वच्छ दिसली म्हणून आभार मानले आणि विचारलं, यात मार्कला कोण मदत करू शकेल? लगेच कुणी आपली माणसं देऊ केली, कुणी पुरवठादारांशी बोलायची तयारी दाखवली.

गोष्ट इथे संपवतात. पण खरी गंमत पुढे आहे. त्या टाळ्यांनंतर बाकीच्यांचे तक्ते लगेच रंगले नाहीत. पुढच्या गुरुवारी फील्ड्स त्यांच्या जागेवर बसलेले सगळ्यांनी पाहिले, आणि मग हळूहळू पिवळे-लाल ठिपके दिसू लागले. म्हणजे माणसं बॉसचे शब्द ऐकत नव्हती. खरं बोललेल्या माणसाचं पुढे काय होतं, याची ती वाट बघत होती. फोर्ड पुढे सावरली त्यात घेतलेल्या मोठ्या कर्जापासून बरंच काही होतं, सगळं श्रेय एका मीटिंगला देणं भाबडेपणाचं होईल. पण दोष कुठे आहेत हे वरच्यांना दिसायला सुरुवात झाली ती त्या खोलीतून. आणि लाल तक्ता दाखवणारे फील्ड्स २०१४ साली मुलालींच्याच जागी सीईओ झाले.

या प्रकाराला हल्ली सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणतात, आपण मानसिक सुरक्षितता म्हणू. टीमच्या संदर्भात तिची नीट मांडणी हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या एका शोधनिबंधात केली. त्याआधी त्या रुग्णालयात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होतील हा अंदाज. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! नीट पाहिल्यावर कळलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, चुका उघडपणे सांगत होत्या. दुसरीकडे त्या दडपल्या जात होत्या. थोडक्यात, प्रश्न विचारला, चूक सांगितली, ‘मला जमत नाहीये’ म्हटलं, तर इथे माझी शोभा होणार नाही, हा टीममधल्या सगळ्यांचा समज म्हणजे ही सुरक्षितता. सगळ्यांशी गोड बोलणं किंवा कामाची मुदत सैल सोडणं याच्याशी तिचा संबंध नाही.

आता आपल्या घरचा कॉल बघू. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, इथे मिशिगनमध्ये सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. पुण्याची मंडळी दिवसभराच्या कामाने थकलेली, पोरं घरी वाट बघतायत. इकडचा मॅनेजर शेवटी विचारतो, ‘एनी क्वेश्चन्स?’ चार सेकंद शांतता. ‘नो सर, ऑल गुड.’ कॉल संपतो, आणि दुसऱ्या मिनिटाला पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरी मीटिंग सुरू होते.

मी जिथे काम करतो तिथला एक प्रसंग सांगतो. वायरिंगच्या जोडणीवर बसणारं एक प्लॅस्टिकचं झाकण होतं, त्याला खटकन अडकणारी क्लिप. डिझाइन पुण्यात, चाचणी इथे. क्लिप जरा जाड होती. वाकवताना तिच्या मुळाशी ताण जास्त येतोय, हे पुण्यातल्या एका मुलाला कॉम्प्युटरवरच्या गणितात दिसलं होतं. कॉलवर तो म्हणाला, ‘थोडं चेक करतोय.’ शीटवर रंग हिरवाच राहिला. साचा तयार झाला, नमुने आले, आणि उणे चाळीस अंशांच्या थंडीतल्या चाचणीत क्लिपा तडातड तुटल्या. आता क्लिप बारीक करायची तर साच्यात त्या जागी पोलाद भरायला हवं. साच्यातून पोलाद कोरून काढणं सोपं, भरणं अवघड: वेल्डिंग करा, पुन्हा घासा, पुन्हा नमुने काढा. त्यात काही आठवडे गेले. साचा कापण्यापूर्वी कळलं असतं तर ड्रॉइंगवरचा एक आकडा बदलायचा होता.

‘आधी का नाही सांगितलं?’ असं त्या मुलाला विचारणं सोपं होतं. पण त्याने सांगितलं होतंच. ‘थोडं चेक करतोय’ हे आपल्या मराठी ऑफिसांमधलं लाल रंगाचं सभ्य रूप आहे. ऐकणाऱ्याला ते ओळखता आलं पाहिजे.

पुढच्या प्रोजेक्टला टीमची सूत्रं साताऱ्याकडच्या एका बाईंकडे आली. त्यांनी मानसिक सुरक्षितता हा शब्द एकदाही उच्चारला नाही. मीटिंग मात्र बदलली. ‘काही प्रश्न?’ हे त्यांनी बंदच केलं, कारण त्याचं सोपं उत्तर ‘नाही’ असतं. त्याऐवजी त्या विचारत, ‘हा भाग थंडीत तुटला असं समजा. कुठून तुटला असेल?’ या प्रश्नाला ‘ऑल गुड’ म्हणताच येत नाही. शिवाय दोष दाखवणारा इथे सरांची चूक काढत नसतो, विचारलेल्याचं उत्तर देत असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यासमोर बोलताना या फरकाचा फार आधार वाटतो.

प्रश्न विचारला की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं आणि ‘आता’ म्हटलं की एकदम पाठवायचं. मग सगळ्यात नव्या माणसापासून बोलायला सुरुवात, त्या स्वतः शेवटी. हा क्रम दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. वीस वर्षं अनुभव असलेल्याने आधी ‘मला तर ठीक वाटतंय’ म्हटलं की दोन वर्षं अनुभव असलेला आपलं वाक्य गिळतो, आणि हे त्याचं त्यालाही कळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका नव्या मुलीने लिहिलं की एका खाचेची खोली तिला शंकास्पद वाटते, पण कदाचित तिचंच गणित चुकलं असेल. बाई पहिलं वाक्य बोलल्या ते असं: ‘बरं झालं आज कळलं, साचा अजून कापलेला नाही.’ दुसरं, ‘हिच्याबरोबर उद्या कोण बसेल?’ तिसरं काही नाही. शंका अर्धी बरोबर, अर्धी चूक निघाली. पुढच्या आठवड्यात बाईंनी दोन्ही अर्धे सांगितले, ड्रॉइंग कुठे बदललं आणि कुठे बदलायची गरज नव्हती. चूक निघालेल्या शंकेलाही उत्तर मिळतं हे पुण्याने पाहिलं. मुलालींच्या गोष्टीतला पुढचा गुरुवार तो हाच.

याची नक्कलही होते, आणि ती घातक असते. एक मॅनेजर वाईट बातमीवर नेमाने ‘थँक यू फॉर शेअरिंग’ म्हणतात आणि मग सांगणाऱ्यालाच रोजचा रिपोर्ट पाठवायला लावतात. दोन महिन्यांत त्यांची शीट पुन्हा हिरवी. आपली टीम कुठे आहे हे ओळखायचं तर एकच गोष्ट बघावी: अडचण पहिल्यांदा कुणाला तरी माहीत झाली तो दिवस आणि ती मीटिंगमध्ये बोलली गेली तो दिवस, यांत किती अंतर आहे. ते वाढत असेल तर टाळ्या वाजवून उपयोग नाही.

आणि एक मर्यादा अशी आहे जी कुठल्याच लीडच्या हातात नाही. इथल्या टीममधली निम्मी आपली मुलं एच-वन-बी व्हिसावर असतात. नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण साठ दिवस, त्यात घराचं भाडं, मुलांची शाळा, ग्रीन कार्डची रांग. अशा माणसाला ‘बिनधास्त बोल’ म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही. तो हिशेब करूनच बोलणार, आणि त्याचा हिशेब चुकीचा नसतो. साताऱ्याच्या बाई यावर एवढंच करतात: शीटवर रंगासमोर माणसाचं नाव लिहीत नाहीत, फक्त भागाचं लिहितात. आणि कामाच्या पहिल्या आठवड्यातला पहिला लाल ठिपका त्या स्वतःच्या कामावर लावतात, कारण त्यांच्याकडे सिटिझनशिप आहे.