सकाळची खडखड आणि P0011

रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ मारून सुरू केली की बॉनेटखालून एक-दोन सेकंद खर्रर्र असा कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो आणि लगेच थांबतो. दिवसभरात परत कितीदा गाडी बंद-चालू केली तरी तो येत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायला नेली की गाडी मुकाट उभी, आणि मालकाचं बोलणं कुणाला पटत नाही. "टॅपेट वाजत असेल" म्हणून विषय संपतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चेक लाइट लागतो, स्कॅनर लावल्यावर P0011 हा कोड दिसतो, आणि मग सेन्सर बदला, सोलेनॉइड बदला असा खर्च सुरू होतो.

ही खडखड आणि हा कोड बऱ्याच गाड्यांत एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि ती गोष्ट म्हणजे इंजिन ऑइल. तिथून सुरुवात केली तर निम्मा खर्च वाचण्याची शक्यता असते. कसं ते समजायला आत काय चालतं ते पाहावं लागेल.

इंजिनातले व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करते आणि तिला क्रँकशाफ्टवरून येणारी टायमिंग चेन फिरवते. जुन्या इंजिनांत हे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते कायमचं ठरलेलं असे. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत व्हीव्हीटी असतं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गाडी चालत असतानाच पुढे-मागे करता येते. गर्दीत रखडताना एक वेळ सोयीची, घाट चढताना दुसरी. हा बदल करतो तो कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला फेजर. गॅरेजमध्ये त्याला व्हीव्हीटी पुली किंवा कॅम गिअर म्हणतात.

फेजरचं बाहेरचं घर चेनबरोबर फिरतं आणि आतला पंख्यासारखा भाग कॅमशाफ्टला पक्का जोडलेला असतो. घराच्या आत कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात पंख्याचं एकेक पातं. पात्याच्या एका बाजूला ऑइल दाबाने भरलं की कॅमशाफ्ट थोडी पुढे सरकते, दुसऱ्या बाजूला भरलं की मागे. कोणत्या बाजूला किती ऑइल जायचं हे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. यालाच मिस्त्री व्हीव्हीटी सोलेनॉइड म्हणतात. त्याच्या आत एक बारीक दांडी मागे-पुढे सरकते आणि तिच्याभोवतीची फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. कचरा आत जाऊ नये म्हणून वाटेत एक चिमुकली जाळी बसवलेली असते. इथे वेगळं हायड्रॉलिक तेल नसतं. चेंबरमध्ये जे इंजिन ऑइल आहे, तेच बेअरिंगला वंगण देतं आणि तेच फेजर ढकलतं. बहुतेक फेजरमध्ये हेच सारं काम होतं.

इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो. मग पाती मोकळी राहू नयेत म्हणून फेजरमध्ये स्प्रिंगवर चालणारी एक लॉक पिन असते. गाडी बंद होताना फेजर आपल्या मूळ जागी, म्हणजे इनटेकच्या बाबतीत साधारणपणे सगळ्यात मागच्या जागी येतो, आणि पिन तिच्या भोकात खटकन बसते. सकाळी सेल्फ मारल्यावर कप्पे रिकामे असले तरी पाती जखडलेली असतात. दाब तयार झाला की ऑइलच पिनला भोकाबाहेर ढकलतं आणि फेजर मोकळा होतो.

पिन बसलेलीच नसेल तर? कॅमशाफ्ट प्रत्येक व्हॉल्व्ह उघडताना अडते आणि व्हॉल्व्ह मिटताना स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावते. कप्प्यात ऑइल असतं तर त्याने हे धक्के झेलले असते. रिकाम्या कप्प्यात पातं सरळ भिंतीवर आपटतं, परत उलट्या बाजूला आपटतं, आणि तीच ती सकाळची खर्रर्र. ऑइल वर पोचलं की कप्पे भरतात आणि आवाज बंद. दिवसा पुन्हा सुरू करताना कप्प्यांतलं ऑइल अजून पुरतं गळून गेलेलं नसतं, म्हणून आवाज येत नाही.

पिन न बसण्याची कारणं मला दोन महत्त्वाची वाटतात. पहिलं म्हणजे पिन किंवा तिचं भोक झिजलेलं असणं. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं: गाडी बंद होताना फेजर मूळ जागी परत आलेलाच नसतो. सोलेनॉइडची दांडी चिकट काळ्या थरामुळे अडकली, की फेजर पुढच्या कोनातच राहतो. पिनसमोर भोक नाही, मग ती बसणार कशात? P0011 चा अर्थ नेमका हाच आहे की इनटेक कॅमशाफ्ट हवी त्यापेक्षा पुढे आहे आणि संगणकाने सांगूनही मागे येत नाही. हा कोड कोनाची तक्रार करतो, कुठला भाग बिघडला ते सांगत नाही. कोडच्या नावात कॅमशाफ्ट आहे म्हणून कॅम सेन्सर बदलणं यात काही तर्क नाही. सेन्सरने कोन बरोबर मोजला म्हणूनच तर कोड आला.

चिंचवडच्या एका गाडीचं उदाहरण घेऊ. मालकीणबाई शिक्षिका, शाळा घरापासून तीन किलोमीटर. पाच वर्षं जुनी हॅचबॅक त्यांनी सेकंडहँड घेतली. घेताना एका गॅरेजने "आपल्याकडची हवा गरम, पातळ ऑइल टिकत नाही" म्हणून २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं. पुढच्या पावणेदोन वर्षांत गाडी जेमतेम साडेचार हजार किलोमीटर चालली, म्हणून ऑइल बदललंच नाही. आधी सकाळचा आवाज सुरू झाला, मग P0011. एका ठिकाणी सेन्सर आणि सोलेनॉइड दोन्ही नवे घालायचा अंदाज मिळाला. दुसऱ्या मिस्त्रींनी मात्र आधी डिपस्टिक काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. मग त्यांनी ऑइलचं झाकण उघडून उलटं धरलं. आतल्या बाजूला बोटाने खरवडावा लागेल असा काळा थर होता.

"मॅडम, किलोमीटर झाले नाहीत हे खरं, पण ऑइल म्हातारं झालंय," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं अचूक होतं. तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळलेलं थोडं पेट्रोल आणि ज्वलनातलं पाण्याचं बाष्प चेंबरमध्ये साठत राहतं, उडून जात नाही. त्यातूनच हा गाळ तयार होतो. ऑइल बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये आणि महिन्यांत अशी दोन्ही लिहिलेली असते आणि जे आधी येईल ते धरायचं असतं, ते यासाठीच. सगळ्या फेऱ्या अशा आखूड असतील तर मुदत आणखी कमी धरावी.

ग्रेडचंही तसंच. ४० अंश तापमानाला २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा साधारण अडीचपट दाट असतं. डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे तर फरक आणखी वाढतो. बाहेर कितीही ऊन असलं तरी चालत्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून "गरम हवा, दाट ऑइल" हा हिशेब व्हीव्हीटी इंजिनाला लागू होत नाही. फेजरचे बारीक मार्ग मॅन्युअलमधल्या ग्रेडसाठी आखलेले असतात. दाट ऑइल तिथे उशिरा पोचतं आणि उशिरा बाहेर पडतं.

मिस्त्रींनी स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. इंजिन गरम, गाडी आयडलवर, संगणकाची मागणी शून्य अंशाची, आणि प्रत्यक्ष कोन १२ अंश. म्हणजे फेजर पुढेच अडकलेला. मग टॅपेट कव्हरजवळचा एक बोल्ट काढून सोलेनॉइड बाहेर घेतला. जाळीत काळे चिकट कण होते. मीटरवर रोध ७ ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल ठीक. बॅटरीचा क्षणभर करंट दिल्यावर दांडी सरकली खरी, पण करंट काढल्यावर परत यायला अडखळली. नवा सोलेनॉइड घालण्याआधी त्यांनी हाच क्लीनरने धुतला, जाळी साफ केली, आणि दांडी मोकळी परत येऊ लागेपर्यंत हे पुन्हा पुन्हा केलं. ऑइल मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० भरलं आणि फिल्टर कंपनीचाच घातला. फिल्टरच्या आत रबरी झडप असते. तिच्यामुळे गाडी उभी असताना फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते आणि सकाळी ऑइल वर पोचायला एखादा सेकंद जास्त लागतो.

जोरदार फ्लश मात्र त्यांनी मुद्दाम टाळला, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो. इतका गाळ एकदम सुटला तर तो पंपाच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि सगळ्या इंजिनाचंच ऑइल तुटतं. त्याऐवजी त्यांनी हजार किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायला सांगितलं. दुसऱ्या बदलानंतर मागणी आणि प्रत्यक्ष कोन यांत अंश-दोन अंशांचाच फरक उरला. कोड परत आला नाही. रोजची खडखड थांबली, पण पूर्ण गेली नाही. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की पहिल्या सेकंदाला ती अजून ऐकू येते.

हा उरलेला आवाज ऑइलने जाणार नाही. इतके महिने पिन अर्धवट बसत राहिल्यामुळे भोकाची कड झिजलेली असणार. टॅपेट कव्हर उघडून, फेजर मूळ जागी आणून, कॅमशाफ्ट पान्याने हलकेच हलवून बघितलं की याची खात्री होते. पिन बसलेली असेल तर कॅमशाफ्ट फेजरच्या आत हलत नाही. हलली तर फेजर बदलणं हाच उपाय. काही इंजिनांत हा दोष गाळ नसतानाही आढळला आहे. टोयोटाने आपल्या २एआर-एफई इंजिनाच्या थंड सुरुवातीच्या आवाजासाठी सर्व्हिस बुलेटिन काढून सुधारित फेजर दिला होता. एक सेकंदाची, क्वचित येणारी खडखड असेल तर गाडी लगेच उभी करायची गरज नाही. फेजर काढायला चेनचं कव्हर उघडावं लागत असेल, तर चेनच्या कामाबरोबरच तो बदलणं परवडतं.

आवाजाचा काळ मात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावा. दोन सेकंदांत थांबणारा आवाज फेजरचा असू शकतो. तोच आवाज आठ-दहा सेकंद लांबला, ॲक्सिलरेटर सोडताना पुन्हा आला किंवा P0016 हा कोड दिसला, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळच सुटला आहे. तिथे चेन ताणली गेलेली किंवा टेन्शनर थकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि चेन एक दात जरी घसरली तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. गरम इंजिन आयडलवर असताना खडखड येत असेल आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर सोलेनॉइडला हात लावण्याआधी इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी. ती बरोबर असेल तर प्रेशर गेज लावून दाब मोजल्याशिवाय गाडी पुन्हा चालवू नये.