मुलाखतीला का बोलावले नाही?

एका जागेसाठी ६४ अर्ज येतात, १३ जणांना मुलाखतीचे पत्र जाते आणि उरलेल्या ५१ जणांचा निकाल त्यांचे तोंडही न बघता लागतो. मुलाखतीत कुणी काय विचारले याची चर्चा पुष्कळ होते, पण त्याआधीच्या छाननीच्या बैठकीकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. पुढे तक्रार झाली, माहितीच्या अधिकारात अर्ज आला किंवा प्रकरण उच्च न्यायालयात गेले, की आधी मागितले जाते ते याच बैठकीचे इतिवृत्त. त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य सापडते: ‘समितीने सर्व अर्जांची सखोल छाननी करून खालील उमेदवारांना मुलाखतीस पात्र ठरविले.’ समितीने काय केले ते यावरून कळते, का केले ते कळत नाही.

या एका वाक्यावर भागवणाऱ्यांना कायद्यात थोडा आधार आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की नियमात तशी अट नसेल तर निवड समितीने कारणे नोंदवलीच पाहिजेत असे नाही. पण याच न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्येच दुसरी गोष्ट सांगून ठेवली होती. कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलेला आदेश त्यातच दिलेल्या कारणांवर तपासला जातो. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सावरता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेने घ्यायचा धडा सरळ आहे. कारणे लिहिण्याची सक्ती नसेलही, पण निवड मनमानी नव्हती हे दाखवायची वेळ आली तर त्या दिवशी लिहिलेला कागदच उपयोगी पडतो.

हा कागद कसा असावा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. शासनाच्या निधीवर चालणाऱ्या एका स्वायत्त संस्थेला लेखापाल हवा आहे. जाहिरातीतली आवश्यक अर्हता बी. कॉम. आणि लेखाकामाचा तीन वर्षांचा अनुभव. सार्वजनिक न्यासाच्या हिशेबांचा अनुभव असल्यास प्राधान्य. शिवाय शेवटी एक ओळ आहे: अर्जांची संख्या जास्त असल्यास अर्हता व अनुभवाच्या आधारे मर्यादित उमेदवारांनाच मुलाखतीस बोलावले जाईल. ही ओळ नुसती औपचारिक नाही, पुढचे सगळे तिच्यावर उभे राहते.

आधी मोजपट्टी, मग अर्ज

किमान अर्हता असलेल्या प्रत्येकाला मुलाखतीला बोलावलेच पाहिजे असे नाही. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाने कामगार न्यायालयांच्या पीठासीन अधिकारी पदांसाठी वकिलीची पाच वर्षांची अट असताना साडेसात वर्षे झालेल्यांनाच बोलावले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ते मान्य केले. छाननी हा निवडीचाच भाग आहे, फक्त तिचा निकष तर्कसंगत हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

खरी अडचण येते ती निकष कधी ठरला या प्रश्नावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की भरतीचे नियम प्रक्रिया सुरू झाल्यावर मध्येच बदलता येत नाहीत. नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तर वेगवेगळ्या टप्प्यांचे निकष ठरवता येतात, पण तो टप्पा येण्यापूर्वी. उमेदवारही गाफील सापडू नये आणि गुण देणाराही.

म्हणून आपल्या समितीने दोन बैठका घ्याव्यात आणि दोन इतिवृत्ते लिहावीत. पहिली बैठक अर्जांचे लिफाफे उघडण्यापूर्वीची. तिच्यात ठरते, की तीन वर्षांपुढच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २ गुण, कमाल १०. न्यासाच्या हिशेबांच्या अनुभवाला ५ आणि एम. कॉम. किंवा त्यावरील अर्हतेला ५ गुण. एकूण २०. अनुभव अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंतचाच धरायचा. गुणानुक्रमे पहिल्या १२ जणांना बोलवायचे आणि बाराव्या क्रमांकाला गुण सारखे झाले तर त्या सर्वांना बोलवायचे. प्रत्येक निकषासमोर एका ओळीत त्याचे कारण असावे. उदाहरणार्थ, ‘संस्था नोंदणीकृत न्यास असून वार्षिक लेखे धर्मादाय आयुक्त कार्यालयास सादर करावे लागतात, म्हणून न्यासाच्या हिशेबांच्या अनुभवास ५ गुण.’ निकषाचे नाते कामाशी आहे, हे एवढ्या ओळीतूनही दिसते.

प्रत्येक नावापुढे एक कारण

दुसऱ्या बैठकीत अर्ज उघडले जातात. २३ जण आवश्यक अर्हतेतच बसत नाहीत. ४१ पात्र ठरतात, त्यांना गुण दिले जातात आणि बारावा व तेरावा उमेदवार ११ गुणांवर बरोबरीत येतात, म्हणून १३ जणांना पत्रे जातात. न बोलावलेल्या ५१ जणांचे त्यामुळे दोन गट होतात: २३ अपात्र आणि २८ पात्र, पण गुणांत मागे पडलेले. या दोन याद्या वेगळ्याच हव्यात. पात्र माणसाला ‘अपात्र’ लिहिणे ही चूक सर्रास होते आणि तक्रार आली की तिचा बचाव करता येत नाही.

आता चार अर्ज पाहू. अर्ज क्रमांक १७ मध्ये सात वर्षे चार महिन्यांचा अनुभव आहे. वरची पूर्ण वर्षे चार, म्हणून ८ गुण, न्यासाचे ५, एम. कॉम. नाही, म्हणजे १३. अशा सरळ अर्जाला आकडेच कारण म्हणून पुरतात.

अर्ज क्रमांक २९ एम. कॉम. झालेल्या, गुणपत्रिका उत्तम असलेल्या मुलाचा आहे, पण अनुभव दोन वर्षे दहा महिने. एखादा सदस्य म्हणतो, दोनच महिने कमी आहेत, येऊ द्या. सवलतीची तरतूद नसेल तर येथे थांबावे लागते, कारण दोन महिने कमी म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यावर तो अन्याय होईल. नोंद अशी: ‘अंतिम दिनांकास अनुभव २ वर्षे १० महिने (प्रमाणपत्र, पृष्ठ ४), आवश्यक ३ वर्षे, अपात्र.’ पृष्ठ क्रमांकाने ही नोंद पक्की होते, कारण दुसरा कुणीही ते पान उघडून ती तपासू शकतो.

अर्ज क्रमांक ३८ मधल्या बाईंच्या नोकरीत बाळंतपणानंतर दोन वर्षांचा खंड आहे. आधीचा आणि नंतरचा अनुभव मिळून सहा वर्षे, म्हणजे ६ अधिक ५ अधिक ५, एकूण १६. बैठकीत ‘मूल लहान आहे, मार्चअखेर थांबतील का?’ असा प्रश्न निघतो. नोकरीतला खंड हा निकष पहिल्या बैठकीत नव्हता, त्यामुळे त्याचे गुण वजा करता येत नाहीत. आणि पुरुष उमेदवाराबाबत हा प्रश्न निघालाच नसेल, तर तो लिंगावरून केलेला भेदभाव होतो. संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये शासकीय नोकरीसाठी लिंग, जात, धर्म यांबरोबर जन्मस्थान आणि निवासस्थान यांवरूनही भेदभावाला मनाई आहे. ‘बाहेरगावचा आहे, टिकणार नाही’ हा शेरा म्हणूनच धोक्याचा.

अर्ज क्रमांक ५२ मध्ये बारा वर्षांचा अनुभव आणि एम. कॉम. आहे, न्यासाचा अनुभव नाही. १० अधिक ५, एकूण १५. ‘एवढा अनुभवी माणूस या पगारावर कशाला राहील?’ हा अंदाज आहे, त्याला अर्जात आधार नाही. शंका खरीच असेल तर ती मुलाखतीत विचारावी. छाननीत तिच्यावरून नाव गाळू नये.

दोन सदस्यांचे गुण जुळले नाहीत तर सरासरी काढून मोकळे होण्याचा मोह असतो. अनुभवाची वर्षे मोजायची असतात, त्यांची सरासरी काढायची नसते. एकाने ८ दिले, दुसऱ्याने ६, तर प्रमाणपत्र पुन्हा पाहावे आणि लिहावे: ‘अर्धवेळ सेवेचे एक वर्ष चुकून धरले होते, ते वगळून ६ गुण.’ मूळ गुणपत्रके फाडू नयेत. दुरुस्ती वाचता येईल अशी असली तर तिच्यावर विश्वास बसतो.

नात्याचा माणूस आला तर

यादीत एका सदस्याचा भाचा निघाला. तेवढ्या अर्जापुरते बाहेर बसणे पुरेसे आहे का? १९६९ च्या क्राइपाक प्रकरणात जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळावर होते आणि स्वतः उमेदवारही होते. स्वतःच्या नावाच्या वेळी ते उठून गेले होते, तरी निवड रद्द झाली, कारण प्रतिस्पर्ध्यांना जोखताना ते आत होते. पुढे १९८५ मध्ये अशोक कुमार यादव प्रकरणात लोकसेवा आयोगांना, त्यांच्या घटनात्मक स्थानामुळे, तेवढ्या उमेदवारापुरते बाजूला होण्याची मोकळीक मिळाली. इतर समित्यांत मात्र जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर सदस्याने पूर्ण निवडीतूनच बाजूला व्हावे, हा त्यातला सर्वसाधारण नियम आहे. इतिवृत्तात सर्व सदस्यांचे ‘नाते नाही’ हे निवेदन, नाते असल्यास कुणी कधी माघार घेतली आणि बदली सदस्य कोण, या तीन गोष्टी हव्यात.

मागाहून रंगवलेला कागद

मुलाखती उरकल्यावर सोयीने लिहिलेले इतिवृत्त ओळखू येते. त्यात निकष आणि निकाल एकाच तारखेचे असतात. न बोलावलेल्या सगळ्या अर्जांवर ‘योग्य वाटले नाही’ हाच शेरा असतो. किमान अनुभव साडेचार वर्षांवर नेलेला असतो आणि त्याचे कारण दिलेले नसते, पण पाहिले तर चार वर्षे आठ महिन्यांचा एक ठराविक उमेदवार त्यात बरोबर बसतो. इतिवृत्तातले गुण आणि सदस्यांच्या पत्रकांतले गुण जुळत नाहीत. चौकशी करणारा माणूस आधी तारखा पाहतो, मग पत्रके, आणि इतिवृत्त सगळ्यांत शेवटी वाचतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज आला तर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे माहिती मागणाऱ्याला देण्यास नकार दिला. म्हणून ‘अमुक सदस्य म्हणाले’ अशी नोंद न करता निर्णय समितीचा म्हणून आणि कारण कागदाशी जोडून लिहिणे बरे. एखाद्या सदस्याचे मत वेगळे असेल तर ते भिन्न मत म्हणून कारणासह नोंदवावे.

इतिवृत्ताची एक मर्यादाही आहे. उमेदवारांत कोण सरस हे न्यायालय स्वतः ठरवायला सहसा बसत नाही, हे महाराष्ट्रातल्याच दलपत सोळुंके प्रकरणात १९८९ मध्ये स्पष्ट झाले. ते पाहते प्रक्रिया. त्यामुळे चुकीचा निकषही व्यवस्थित लिहिला तर कागदावर नेटका दिसतो. न्यासाच्या अनुभवाला ५ ऐवजी १५ गुण ठेवले असते तर सगळी बेरीज बरोबर येऊनही निवड एकांगी झाली असती. म्हणून सही करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. जाहिरात, पहिल्या बैठकीचे इतिवृत्त आणि ६४ अर्ज समितीबाहेरच्या एखाद्या लेखाधिकाऱ्याच्या हाती द्यावेत, आपली यादी दाखवू नये. त्याने काढलेली १३ नावे तीच आली तर सही करावी. वेगळी आली तर जिथे फरक पडला, तिथे एखादे कारण लिहायचे राहिले आहे किंवा ते सांगण्यासारखे नव्हते.