बिले अनेक, यादी एक

कामाचा आढावा साहेबांना कळवणाऱ्या चार ओळींच्या इंग्रजी ईमेलमध्ये कर्ता आणि क्रियापद यांचे वचन न जुळण्याची चूक वारंवार होते. असा मजकूर बहुतेक ‘काय झाले आहे, काय बाकी आहे’ एवढेच सांगतो. त्यामुळे ‘इज-आर’ आणि ‘हॅज-हॅव’ या जोड्या त्यात वाक्यावाक्याला येतात, आणि वचनाप्रमाणे रूप बदलते ते याच जोड्यांचे. ‘सेंट’, ‘रिसीव्ह्ड’ असा साधा भूतकाळ किंवा ‘विल’ असलेले वाक्य वचनाने बदलत नाही, म्हणून तपासणीतून ते सरळ वगळता येते.

लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याचा नमुना-ईमेल असा धरू: ‘द लिस्ट ऑफ पेंडिंग बिल्स आर रेडी. वन ऑफ द व्हेंडर्स हॅव नॉट सेंट द जीएसटी नंबर. द नंबर ऑफ रिजेक्टेड बिल्स हॅव कम डाउन टू फोर. परचेस मॅडम आर ऑन लीव्ह.’ चारही वाक्यांत क्रियापद चुकले आहे. पहिल्या तिन्हींचे कारण एकच आहे, चौथ्याचे वेगळे.

पहिल्या वाक्यात तयार झाली ती यादी, बिले नव्हेत. पण इंग्रजीत ‘लिस्ट’ हा शब्द आधी येऊन मागे राहतो आणि ‘आर’ लिहिताना कानाशी असतो तो ‘बिल्स’. जवळचे अनेकवचन क्रियापदाला आपल्याकडे ओढून घेते. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्याकडूनही हे घडते. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या अमेरिकी संशोधकांनी 1991 मध्ये प्रयोगांतून ते दाखवून दिले. मराठीत मात्र हा सापळा सहसा लागत नाही, कारण आपली रचना उलटी आहे. ‘प्रलंबित बिलांची यादी तयार आहे’ असे म्हणताना ‘बिलांची’ आधी येऊन जाते आणि क्रियापदाच्या अधिक जवळ उरते ती ‘यादी’. तिथे ‘आहेत’ कोणाच्या तोंडी येणार नाही.

दुरुस्तीचा सोपा मार्ग यातूनच निघतो. शंका येईल ते वाक्य मनात मराठीत म्हणावे आणि ‘चा-ची-चे’ किंवा ‘पैकी’ यांच्यानंतर कोणते नाम आले ते पाहावे. तोच इंग्रजी वाक्याचा खरा कर्ता. ‘व्हेंडरांपैकी एक’ म्हटले की ‘एक’ हाती लागतो, म्हणून ‘हॅज नॉट सेंट’. ‘नाकारलेल्या बिलांची संख्या’ म्हटले की ‘संख्या’, म्हणून ‘हॅज कम डाउन’. इथे ‘नंबर’आधीचा ‘द’ महत्त्वाचा आहे. ‘अ नंबर ऑफ बिल्स’ लिहिले तर त्याचा अर्थ ‘बरीच बिले’ असा होतो, आणि मग ‘आर’ हेच बरोबर.

मराठीकडून घ्यायचा तो फक्त कर्ता. क्रियापदाचे रूप घेऊ नये. ‘एकाने नंबर पाठवला नाही, माहिती पाठवली नाही’ या वाक्यांत आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत कर्म काहीही असले तरी क्रियापद कर्त्याशीच बांधलेले राहते.

चौथ्या वाक्यातली चूक मात्र मराठीनेच घडवलेली आहे. ‘मॅडम रजेवर आहेत’ यातले अनेकवचन आदराचे आहे आणि मराठीत ते हवेच. इंग्रजीतला ‘आर’ असा आदर दाखवत नाही. तो केवळ एकाहून अधिक व्यक्ती सुचवतो. म्हणून ‘परचेस मॅडम इज ऑन लीव्ह’ असे लिहिण्यात कोणताही उणेपणा नाही. ‘सर हॅव अप्रूव्ड’ याचीही दुरुस्ती ‘सर हॅज अप्रूव्ड’ अशीच होते. जिथे मनातले मराठी वाक्य एखाद्या व्यक्तीविषयी असेल, तिथे आधी माणसे मोजावीत.

दोन ठिकाणी घाईने दुरुस्ती करू नये. ‘द टीम आर वर्किंग’ हे ब्रिटिश इंग्रजीत चालते, अमेरिकी इंग्रजीत सहसा ‘इज’ लिहितात. एका ईमेलमध्ये दोन्ही मिसळू नयेत, इतकेच. दुसरे ठिकाण अधिक फसवे आहे. ‘रेस्ट’, ‘मोस्ट’, ‘हाफ’ असे प्रमाण सांगणारे शब्द स्वतःचे वचन बाळगत नाहीत, ते ‘ऑफ’नंतरच्या नामाकडून घेतात. वरच्या ईमेलमध्ये पाचवी ओळ घालायची झाली, तर ‘द रेस्ट ऑफ द बिल्स आर क्लिअर्ड’ हेच बरोबर आणि ‘द रेस्ट ऑफ द वर्क इज पेंडिंग’ हेही बरोबर. यादीचा नियम नुकताच शिकलेला माणूस नेमका यातला ‘आर’ खोडून ‘इज’ करतो. मराठीत ‘उरलेली बिले’ आणि ‘उरलेले काम’ असे म्हटले की ‘उरलेले’ हे नुसते विशेषण आहे आणि मोजायचे ते बिलांना किंवा कामाला, हे लगेच दिसते.